पुरणपोळी तव्यावर फुटू नये म्हणून: आच, तूप आणि उलटण्याची वेळ

पुरणपोळी लाटताना फाटली तर कारण निदान डोळ्यांसमोर असतं. तव्यावर फुटली की नवशिक्याला काहीच कळत नाही. पोळपाटावर छान गोल, गुळगुळीत होती, तव्यावर टाकली, उलटायला गेलं आणि मधूनच पुरण बाहेर. ते तव्याला चिकटून करपतं, धूर होतो आणि पुढची पोळीही नेमकी त्याच जागी धरते. मग सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात चिडचिड सुरू.

हा लेख त्या तीन मिनिटांपुरताच आहे. पोळी तव्यावर पडली की ताटात येईपर्यंत काय करायचं, एवढंच. आधी पोळी का फुटते ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत.

पोळीत दोन पातळ पापुद्रे असतात आणि मध्ये पुरण. पुरणात गूळ असतो आणि थोडंफार पाणीही. तवा तापला की गूळ सैल होतो, पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट शोधते. तोपर्यंत बाहेरची कणीक शिजून घट्ट झाली असेल तर पोळी फुगते. कणीक अजून कच्ची, ओली असेल तर पापुद्रा फाटतो. म्हणजे सगळा खेळ कोण आधी तयार होतं याचा आहे: बाहेरचा पापुद्रा, की आतली वाफ. आच, तूप आणि उलटण्याची वेळ, तिन्ही गोष्टी पापुद्र्याला पुढे ठेवण्यासाठी असतात.

1. तव्याजवळ काय काय हवं

पोळी तव्यावर असताना शोधाशोध करायला वेळ मिळत नाही, म्हणून हे आधीच मांडून ठेवा:

- सपाट, जाड बुडाचा तवा. लोखंडी किंवा बिडाचा उत्तम, नॉनस्टिकही चालतो. खोलगट तवा टाळा. त्यात तूप मध्ये साचतं आणि उलटताना पोळी वाकून चिरते.
- रुंद पात्याचं पातळ उलथणं. भाजी परतायचा अरुंद कलथा पोळीच्या मध्ये घुसतो.
- पातळ केलेलं साजूक तूप आणि लहान चमचा.
- तवा पुसायला जाड सुती फडकं, कोरडं.
- पोळी काढून ठेवायला जाळी किंवा चाळण पालथी घालून, नाहीतर सुती कापड पसरून.

तूप पातळ करून घ्या असं मुद्दाम सांगते. थिजलेल्या तुपाचा गोळा गरम पोळीवर चमच्याने फिरवला की चमचा पापुद्र्यावर ओढला जातो आणि तिथेच भोक पडतं. तुपाची वाटी शेगडीच्या कडेला ठेवली तरी पुरेसं पातळ होतं.

2. तव्यावर टाकण्याआधीची तपासणी

तव्यावर फुटलेल्या बऱ्याच पोळ्यांचा गुन्हा आधीच घडलेला असतो. 1 वाटी हरभरा डाळ, 1 वाटी चिरलेला गूळ आणि साधारण दीड वाटी कणीक (त्यात हवा तर थोडा मैदा) घेतलात तर मध्यम आकाराच्या 8 ते 10 पोळ्या होतात. डाळ शिजल्यावर कट पूर्ण निथळून घ्या. तो आमटीला लागतोच, आणि पुरणात राहिला तर तव्यावर त्याचीच वाफ होते.

पुरण तयार झालं की नाही, हे बघायची घराघरातली खूण म्हणजे त्यात उलथणं उभं राहिलं पाहिजे. थंड झाल्यावर छोटा गोळा वळून बघा. हाताला न चिकटता वळला तर ठीक. चिकटला तर पुरण पुन्हा कढईत घालून मंद आचेवर आटवा. 'लाटताना जमेल' म्हणून सैल पुरण पुढे रेटू नका, ते तव्यावर दगा देतं. उलट पुरण फार कोरडं, भुसभुशीत असेल तर चमचाभर दूध लावून मळून घ्या.

दुसरी गोष्ट अख्खी डाळ. पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून निसटलेला एखादा डाळीचा दाणा लाटताना पापुद्रा आतून टोचून ठेवतो. पोळपाटावर ते भोक दिसतही नाही, तव्यावर वाफ नेमकी तिथूनच निघते. पुरण वाटून झाल्यावर एकदा बोटांनी चाचपून घ्या.

कणीक पुरणाइतकीच मऊ हवी, तेलाचा हात लावून चांगली तिंबलेली आणि निदान तासभर मुरलेली. घट्ट कणकेत मऊ पुरण भरलं तर लाटण्याच्या दाबाने पुरण कडेला पळतं. मग मध्ये नुसती कणीक आणि कडेला पुरणाची फुगीर गोट, अशी पोळी होते. ती कडेनेच फुटते.

3. तवा किती तापवायचा

तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या. बिडाचा असेल तर आणखी थोडा वेळ, कारण तो सावकाश तापतो. मग चिमूटभर तांदळाची पिठी तव्यावर टाका आणि मनात दहा अंक मोजा. तेवढ्यात पिठी हळूहळू बदामी झाली तर तवा तयार आहे. पडताच काळी पडून धूर निघाला तर तवा फार तापलाय. गॅस बारीक करून दोन मिनिटं थांबा. दहा मोजूनही पांढरीच राहिली तर अजून वेळ आहे. पिठी पुसून टाका आणि मगच पोळी टाका.

आता दोन्ही बाजूंच्या चुका काय करतात ते बघा. तवा कडक तापलेला असेल तर खालच्या पापुद्र्याला लगेच काळे डाग पडतात. करपेल म्हणून तुम्ही घाईने उलटता, पण डाग सोडले तर बाकीची कणीक कच्चीच असते. अशी अर्धी कच्ची पोळी उलथण्यावर झेपत नाही.

तवा थंड असेल तर नुकसान उशिरा कळतं, म्हणून नवीन माणूस आच कमी ठेवण्याच्या मोहात पडतो. 'फुटायला नको, बारीक गॅसवर सावकाश भाजू' हा विचार बरोबर वाटतो आणि तिथेच फसगत होते. बारीक आचेवर कणीक शिजायला वेळ घेते, तोवर पुरण आतून गरम होऊन सैल पडतं आणि खालचा ओला पापुद्रा तव्याला धरतो. पोळी उचलायला गेलं की वरचा भाग हातात, खालचा तव्यावर. आणि नशिबाने सुटून आलीच, तर इतका वेळ सुकल्यामुळे वातड होते.

तेव्हा आच मध्यम. जाड बुडाचा तवा एकदा तापला की मध्यमच्या जरा खाली, पण बारीक नाही. चार-पाच पोळ्या झाल्या की तवा आपोआप जास्त तापतो. पोळी लाटायला वेळ लागला आणि तवा रिकामा राहिला तर आणखीच. रिकाम्या तव्याखालचा गॅस बारीक करायची सवय लावा आणि पोळी टाकायच्या अर्धा मिनिट आधी पुन्हा मध्यम करा. परदेशात कॉइलच्या किंवा काचेच्या विजेच्या शेगडीवर करत असाल तर बटण फिरवून लगेच काही होत नाही, शेगडी बराच वेळ तापलेलीच राहते. तिथे तवा सरळ उचलून बाजूला ठेवायचा.

पहिली पोळी नैवेद्याची असते, आणि तीच बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून आधी नुसत्या कणकेची एक छोटी पोळी लाटून भाजा. तव्याचा अंदाज येतो, पिठीचा पहिला थर त्यावर निघून जातो आणि पुरणाला हात लागत नाही.

4. पोळी तव्यावर टाकणं

लाटताना उंड्याची बंद केलेली बाजू पोळपाटावर खाली ठेवा. कणीक गोळा करून चिमटलेली ती जागा तुमच्या पोळीत सगळ्यात कच्ची. माझा आग्रह असा की तीच बाजू तव्यावर आधी खाली जावी. पुरण थंड आहे, वाफ धरलेली नाही, तोवर ती जागा शिजून बंद होते.

लाटण्यावर गुंडाळून पोळी उचलत असाल तर हे आपोआप साधतं. लाटणं पोळीच्या कडेवर ठेवून पोळी हलकेच गुंडाळा, तव्याच्या एका कडेला टेकवा आणि दुसरीकडे उलगडत जा. खालची बाजू खालीच पडते. ओढू नका, लाटणं फिरलं पाहिजे. गुंडाळताना भीती वाटत असेल तर पोळपाट तव्याशी तिरका धरून दोन्ही तळव्यांनी पोळी सरकवा. फक्त पोळी तव्यापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं लहान हवी. तव्याच्या काठाशी आच कमी पोचते, तिथे पोहोचलेली कड कच्ची राहते.

तव्यावर टाकण्याआधी जास्तीची पिठी हाताने झटका. तांदळाची पिठी लाटायला उत्तम, पण कणकेत मुरत नाही; ती जशीच्या तशी तव्यावर उतरते आणि करपते.

तव्यावर पडली की पोळी सरकवायची नाही, दाबायची नाही. वाकडी पडली तर वाकडी. चुणी पडली असेल तर तीही तशीच राहू द्या, ती सोडवताना पापुद्रा फाटतो.

5. पहिल्यांदा कधी उलटायची

मध्यम आचेवर पोळी टाकल्यापासून साधारण 35 ते 40 सेकंदांनी. पण घड्याळापेक्षा पोळीकडे बघा. ओली कणीक चमकते. कडेकडून ही चमक जाऊन पोळी मळकट, कोरडी दिसायला लागते आणि हा कोरडेपणा मध्याकडे सरकत येतो. पृष्ठभागावर बारीक फोड उठायला लागले आणि मध्यभागाची चमक गेली, की उलटायची.

आता उलथण्याची कड पोळीखाली घालून हलवून बघा. पोळी आपोआप सरकली तर ती सुटलेली आहे. कुठे धरून ठेवल्यासारखी वाटली तर उलथणं जोराने घुसवू नका. दहा सेकंद थांबा. शिजलेली कणीक बहुतेक वेळा स्वतःहून तवा सोडते.

उलटताना पातं पोळीच्या मध्यापर्यंत जाऊ द्या आणि वरून दुसऱ्या हाताच्या बोटांचा हलका आधार द्या. उंच उचलायचं काम नाही. तव्यालगतच पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटा. उलटल्यावर वर आलेली बाजू फिकटच असते, एखादा बदामी डाग असला तर असला. ती छान खरपूस दिसत असेल तर तुम्ही उशीर केलाय किंवा तवा जास्त तापलाय.

6. दुसरी बाजू, आणि मग तूप

दुसरी बाजू जास्त वेळ घेते, एक मिनिट ते सव्वा मिनिट. खरी भाजणी याच बाजूला होते. अर्ध्या मिनिटात पोळी फुगायला लागते, कधी एका बाजूने, कधी टम्म. फुगली नाही तरी बिघडत नाही. पुरण भरपूर असलेली पोळी पुष्कळदा नुसती ठिकठिकाणी उचलते. फुगलेली पोळी उलथण्याने दाबून बसवायची हौस मात्र टाळा. साध्या पोळीला ते चालतं. इथे आतली वाफ दाबाने पुढे पळते आणि जिथे पापुद्रा पातळ आहे तिथून पुरण घेऊन बाहेर येते. दाबायचंच तर कडेने, आणि तेही उलथण्याच्या पात्याने हलकेच टेकवून, कारण कडा जाड असल्याने कच्च्या राहतात. वाफ कडेतून जोरात सुटते, बोटं जवळ नेऊ नका.

तूप आता. त्याआधी नाही. कोऱ्या तव्यावर तूप सोडून त्यात पोळी टाकली की पिठी तुपात तळून काळी पडते आणि पोळीवर काळे ठिपके येतात. ओल्या कणकेवर वरून तूप घातलं तर तिथली कणीक नीट कोरडी होत नाही, लिबलिबीत राहते. एकदा उलटून झाल्यावर वर आलेली बाजू शिजलेली असते. तिच्यावर अर्धा लहान चमचा तूप मध्यावर सोडा आणि चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत अलगद पसरवा.

मग दुसऱ्यांदा उलटा. तुपाची बाजू खाली गेली की 30 ते 40 सेकंदांत खरपूस रंग येतो आणि तुपाचा वास सुटतो. वर आलेल्या बाजूला पुन्हा तेवढंच तूप. आवडत असेल तर शेवटी एकदा उलटून 10-15 सेकंद ठेवा आणि काढा. सगळी मिळून पोळी तव्यावर दोन ते तीन मिनिटं असते आणि दोनदा, फार तर तीनदा उलटते. त्याहून जास्त उलटापालट केली तर प्रत्येक वेळी गरम, सैल पुरणाचं वजन पापुद्र्यावर येतं.

तूप सढळ हाताने घालावंसं वाटतं, सणच आहे. पण ते ताटात घाला. तव्यावर जास्त तूप झालं की ते कडेने खाली उतरतं आणि बारीकसं भोक असेल तर आत शिरतं. कितीतरी घरी पोळी तव्यावर कोरडीच भाजतात आणि वाढताना वर तुपाची धार सोडतात. शिकताना हीच पद्धत सोपी पडते, कारण तीनपैकी एक काम कमी होतं. विदर्भातल्यासारखी जाड, भरपूर पुरणाची पोळी करत असाल तर आच जरा उतरवा आणि प्रत्येक बाजूला पंधरा-वीस सेकंद जास्त द्या. तेलपोळी तेलावरच लाटलेली असते, तिला पिठी नाही, तेव्हा पिठी करपण्याचा प्रश्न येत नाही. खान्देशातल्या खापरावरच्या पोळीचं तंत्र सर्वस्वी वेगळं आहे. तिचे नियम इथे लावू नका आणि इथले तिला.

7. तरीही फुटली तर

पुरण बाहेर येताना दिसलं की पहिली इच्छा होते पोळी लगेच उचलायची. थांबा. भोक वरच्या बाजूला असेल तर त्यावर चिमूटभर कोरडी कणीक टाकून बोटाने हलकेच टेकवा. पुरणाचा ओलावा ती ओढून घेते आणि ठिगळ बसतं. मग ती बाजू नेहमीसारखी उलटून शिजवा, मात्र त्या जागी तूप लावू नका.

भोक खालच्या बाजूला पडलं असेल तर ते बहुधा वासावरून कळतं, गूळ करपल्याचा वास येतो. गॅस बारीक करा, उलथणं तव्याला अगदी चिकटवून त्या जागेखालून सरकवा आणि पोळी उलटा. ती फाटकी बाजू आता वर राहू द्या, पुन्हा खाली घालू नका. दुसरी बाजू नीट भाजून तशीच काढा. दिसायला बरी नसली तरी खायला उत्तम असते.

आणि मग तवा. चिकटलेला गूळ तसाच ठेवून पुढची पोळी टाकलीत तर ती तिथे फाटणारच. लोखंडी तवा उलथण्याने खरवडा, जाड घडी घातलेल्या फडक्याने पुसा. गूळ वितळलेला असतो आणि हाताला चिकटला तर वाईट भाजतो, तेव्हा फडकं जाडच हवं. नॉनस्टिक असेल तर खरवडू नका. गॅस बंद करून तवा निवल्यावर ओल्या कपड्याने पुसा. कापलेल्या कांद्याने तवा पुसायची सवय आज बाजूला ठेवा, पुरणपोळीला कांद्याचा वास लागतो आणि नैवेद्याला तर तो चालतच नाही. न फुटलेल्या पोळीनंतरही प्रत्येक वेळी करपलेली पिठी पुसायची आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण शेवटच्या पोळ्या काळ्या ठिपक्यांच्या होतात त्या हे न केल्याने.

पोळ्या कुठे फुटतात यावर लक्ष ठेवलंत तर कारण सापडतं. प्रत्येक पोळी मध्यावर फुटत असेल तर उंडा बंद करताना मध्ये कणीक पातळ राहतेय किंवा लाटताना मध्ये जोर पडतोय. कडेने फुटत असेल तर पुरण कणकेपेक्षा सैल आहे. वेगवेगळ्या जागी बारीक भोकं पडत असतील तर पुरणात दाणे आहेत. आणि पहिल्या चार चांगल्या होऊन पाचवीपासून बिघडायला लागल्या तर तवा तापलाय, किंवा पुसलेला नाही.

8. काढल्यावर

गरम पोळीची लगेच घडी घालू नका आणि गरमागरम पोळ्या एकमेकींवर रचू नका. खालच्या पोळीला घाम सुटतो, पापुद्रा ओला होतो आणि उचलताना सालासारखा निघतो. जाळीवर किंवा कापडावर एकेक पसरून ठेवा, कोमट झाल्या की घडी घालून डब्यात. डब्याच्या तळाशी आणि झाकणाखाली सुती कापड ठेवा.

दुसऱ्या दिवशी गरम करायची असेल तर फ्रिजमधली पोळी अर्धा तास आधी बाहेर काढा. थंड कणीक कडक असते, घडी उलगडतानाच चिरते. तव्याचे नियम आता उलटे होतात: पापुद्रा शिजलेलाच आहे, तेव्हा आच बारीक ठेवायची आणि तूप आधी तव्यावर सोडायचं. दोन्ही बाजू मिळून दीड मिनिट पुरतं.